गच्चीवरचे ऊन आणि बिलावरचे नाव

बाजारपेठेच्या गावांत व्यापारी कुटुंबांची घरे बहुधा एकाच धाटणीची असतात. तळमजल्यावर दुकान, त्यामागे गोदाम, वर एक किंवा दोन मजले राहते घर आणि त्यावर गच्ची. दुकानाचे मीटर वेगळे, घराचे वेगळे. जागा आजोबांनी घेतलेली, वीजजोडणी वडिलांच्या नावावर, आणि वडील जाऊन दहा वर्षे झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येत राहते. पैसे वेळेवर भरले जात असल्याने त्या नावाकडे कोणाचे लक्ष जात नाही. गच्चीवर सौर पॅनेल बसवायची गोष्ट निघाली की मात्र सर्वप्रथम तेच नाव समोर येते.

बार्शीतील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी असेच घडले. वडील हयात नाहीत, मातोश्री आहेत. तीन भावांपैकी थोरले व मधले दुकान पाहतात व वरच्या घरात राहतात; धाकटे पुण्यात नोकरीस आहेत. घराचा वीजवापर वर्षाला सुमारे ४,२०० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी ३५०. सौर यंत्रणेसाठी एका विक्रेत्याने पाच किलोवॅटचा प्रस्ताव दिला आणि ‘बिल शून्य’ असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिले. मधल्या भावाला तो लगेच पसंत पडला. थोरल्यांनी मात्र वर्षभराची बारा बिले काढली व कागद-पेन्सिल घेऊन बसले. व्यापाऱ्याच्या घरात हा हिशेब मालाच्या खरेदीइतकाच काटेकोर व्हायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते.

वीजबिलाची रचना समजून घेतली की हा हिशेब सोपा होतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: पहिली १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वरच्या टप्प्यातील प्रत्येक युनिट खालच्यापेक्षा महाग असते. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रत्येकाने आपल्याच ताज्या बिलावरून आकडे घ्यावेत. थोरल्यांनी वहन आकार, इंधन समायोजन व वीज शुल्क मिसळून हिशेबापुरते तीन गोल आकडे धरले: पहिल्या टप्प्यास युनिटला ६ रुपये, दुसऱ्यास १२ आणि तिसऱ्यास १७. त्यानुसार ३५० युनिटांचे ६००, २,४०० आणि ८५० मिळून ३,८५० रुपये होतात. स्थिर आकार याशिवाय असतो. सौर यंत्रणा कितीही मोठी बसवली तरी तो भरावाच लागतो, म्हणून ‘बिल शून्य’ हे शब्द अक्षरशः कधीच खरे नसतात.

महाराष्ट्रातील उन्हात सावली नसलेल्या गच्चीवर एक किलोवॅटची यंत्रणा वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट वीज देते. ही वीज बिलातून वजा होताना सर्वांत वरच्या, महाग टप्प्यातून आधी वजा होते. पहिल्या किलोवॅटने वापर ३५० वरून २३० वर येतो. त्याचे बिल २,१६० रुपये, म्हणजे महिन्याची बचत १,६९०. दुसऱ्या किलोवॅटने वापर ११० वर येतो. बिल ७२०, म्हणजे आणखी बचत १,४४०. तिसऱ्या किलोवॅटपुढे वजा करण्यास केवळ ११० स्वस्त युनिटे उरतात, म्हणून त्याची बचत फक्त ७२० रुपये. चौथ्या व पाचव्यासमोर वजा करण्यास काहीच नसते.

अनुदानही याच उतरत्या क्रमाने मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’त पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,००० रुपये आणि त्यापुढे काहीही नाही, एका घरास कमाल ७८,००० रुपये. बार्शीच्या घराला मिळालेली दरपत्रके दोन किलोवॅटसाठी १,४०,०००, तीनसाठी १,९५,००० आणि पाचसाठी ३,१०,००० रुपयांची होती. अनुदान वजा जाता घरचे पैसे अनुक्रमे ८०,०००, १,१७,००० आणि २,३२,००० होतात. दोन किलोवॅटचे भांडवल सव्वादोन वर्षांच्या आत वसूल होते. तिसऱ्यासाठी घालावे लागणारे ३७,००० रुपये वर्षाला ८,६४० वाचवतात, म्हणजे त्यांना सव्वाचार वर्षे लागतात. हेही वाईट नाही. पण पुढच्या दोन किलोवॅटांत जे १,१५,००० रुपये अडकतात, त्यांना जवळजवळ व्याजच नाही.

“उरलेली वीज सरकार विकत घेतेच ना?” असा मधल्या भावाचा प्रश्न होता. घेते, पण कशी ते पाहायला हवे. नेट मीटर घरात आलेली आणि घरातून बाहेर गेलेली अशी दोन्ही युनिटे मोजते. एखाद्या महिन्यात गेलेली जास्त झाली तर ती पुढच्या महिन्याच्या बिलासाठी जमा राहतात. ही जमा ३१ मार्चपर्यंत चालते. आर्थिक वर्षाच्या शेवटी जे शिल्लक राहील त्याचे पैसे कंपनी नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने देते आणि तो दर ग्राहक घेत असलेल्या विजेच्या दराच्या तुलनेत बराच कमी असतो. म्हणून ही जमा व्यवसायाच्या खात्यासारखी न मानता पावसाळ्याच्या शिदोरीसारखी मानावी. एप्रिल-मेच्या कडक उन्हात साठलेली युनिटे चातुर्मासातील ढगाळ महिन्यांत उपयोगी पडतात. मार्चअखेर शिल्लक शून्याच्या जवळ यावी, हे योग्य आकाराच्या यंत्रणेचे लक्षण होय. घरात वातानुकूलन यंत्र यायचे होते, म्हणून थोरल्यांनी तीन किलोवॅट ठरवले; अन्यथा दोनही पुरेसे झाले असते.

मधल्या भावाचा दुसरा विचार दुकानाचा होता. दुकानाचा व्यापारी दर अधिक, मग गच्चीवरची वीज खाली का वळवू नये? याला नियमाने वाट नाही. अनुदान फक्त घरगुती जोडणीला आहे आणि घराच्या नेट मीटरवर जमा झालेली युनिटे दुकानाच्या बिलातून वजा होत नाहीत. घराच्या मीटरवरून दुकानात तार ओढणे तर धोक्याचे आहे. घरगुती जोडणीची वीज व्यापारासाठी वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. दुकानासाठी यंत्रणा हवी असेल तर ती दुकानाच्या मीटरवर, विनाअनुदान, स्वतंत्र बसवावी. तिचा खर्च व्यवसायाच्या वहीत जातो आणि तिच्यावर घसाराही मिळतो; तो हिशेब वेगळा असून कर सल्लागारासमोर बसूनच करावा.

आकार ठरला आणि काम वडिलांच्या नावापाशी अडले. योजनेचा अर्ज pmsuryaghar.gov.in या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकून होतो आणि अर्जदाराचे नाव वीजबिलावरून घेतले जाते. अनुदानही त्याच ग्राहकाच्या बँक खात्यात थेट जमा होते. दिवंगत व्यक्तीचे खाते नसते, म्हणून दिवंगताच्या नावावरील जोडणीस अनुदान मिळायचे कसे? आधी बिलावरील नाव बदलून घ्यावे लागते. त्यासाठी महावितरणकडे मृत्यूचा दाखला, जागेचा उतारा किंवा घरपट्टीची पावती, नव्या ग्राहकाचे ओळखपत्र आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र द्यावे लागते. थकबाकी असल्यास ती प्रथम भरावी लागते.

येथे प्रश्न कागदाचा राहत नाही. थोरल्यांनी ‘माझ्या नावावर करू’ म्हटल्यावर पुण्याहून धाकट्या बंधूंनी ना-हरकत पत्रावर सही करण्यास वेळ मागितला. ते स्पष्ट बोलले नाहीत, पण शंका उघड होती. आज बिलावर नाव, उद्या गच्चीवर हक्क, परवा घरावर. वाटणी झालेली नाही, अशा घरांत ही शंका अनाठायी म्हणता येत नाही. कायद्याने पाहिले तर वीजबिल हा मालकीचा पुरावा नव्हे. ते केवळ वीज कोण घेतो व पैसे कोण भरतो हे दाखवते. परंतु हे एकदा तोंडी सांगून भागत नाही. भावाने भावाला शंका बोलून दाखवावी लागणे, हेच जड असते.

तोडगा मातोश्रींनी सुचवला. नाव त्यांच्या स्वतःच्या नावावर करावे आणि तिन्ही भावांनी एका कागदावर चार गोष्टी लिहून सह्या कराव्यात. गच्ची पूर्वीप्रमाणे सामाईक राहील. यंत्रणेचा खर्च वर राहणारे दोन भाऊ करतील व बचतही त्यांची. पुढे वाटणी झाल्यास यंत्रणेची त्या दिवसाची किंमत काढून ज्यांनी पैसे घातले त्यांना ती मिळेल. आणि वरचा मजला वाढवायचा झाल्यास यंत्रणा हलवण्याचा खर्च मजला बांधणारा करेल. मजकूर वकिलाकडून तपासून मुद्रांकावर केला गेला. धाकट्यांची सही आठवड्यात आली. एकत्र कुटुंबात सौर यंत्रणा बसवण्यापूर्वी एवढा एक कागद होणे, हे पॅनेलच्या हमीपत्रापेक्षा अधिक मोलाचे आहे. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असते आणि तेवढ्या काळात घरात एक पिढी बदलते.

नाव बदलताना आणखी एक बारीक गोष्ट पाहावी. आपल्या समाजात एकच आडनाव ‘शहा’ आणि ‘शाह’ असे दोन प्रकारे लिहिले जाते; स्त्रियांच्या नावापुढे कुठे ‘बाई’ असते, कुठे नसते. बिल, आधार आणि बँक खाते या तिन्हींवर नाव एकाच वर्तनीत नसेल तर अनुदान अडकण्याचा संभव असतो. मातोश्रींच्या खात्यावर नावापुढे ‘बाई’ होते, आधारवर नव्हते. नवे बिल निघण्यापूर्वीच बँकेत अर्ज देऊन ते दुरुस्त करून घेतले, म्हणून पुढे खोळंबा झाला नाही.

त्यानंतरचा क्रम सरळ आहे. संकेतस्थळावर नोंदणी आणि अर्ज. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक मान्यतेसाठी थांबावे लागत नाही. मग नोंदणीकृत विक्रेत्यांच्या यादीतून निवड, करार, उभारणी, नेट मीटरसाठी अर्ज, महावितरणची तपासणी, नेट मीटर आणि कार्यान्वयनाचा दाखला. त्यानंतरच बँकेचा तपशील व रद्द केलेला धनादेश भरून अनुदानाची मागणी करता येते. रक्कम ग्राहकाच्या खात्यात येत असल्याने ‘अनुदान आम्ही परस्पर वळते करून घेऊ’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत व शेवटचा हप्ता नेट मीटर बसून दाखला हाती आल्यावरच द्यावा, असे करारातच लिहून घ्यावे. रोख पैसे नसतील तर तीन किलोवॅटपर्यंत दोन लाख रुपयांचे कर्ज बँका विनातारण देतात.

अनुदानासाठी सौर घट आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. विक्रेता तसे प्रमाणपत्र देतो, पण प्रमाणपत्रातील अनुक्रमांक आणि पॅनेलवरील अनुक्रमांक जुळतात की नाही, हे पॅनेल लोखंडी चौकटीवर चढण्यापूर्वी खाली असतानाच पडताळावे. वर चढल्यावर कोणी वाकून पाहत नाही. तीन किलोवॅटची साधारण सहा पॅनेल असतात, म्हणजे दहा मिनिटांचे काम.

जागेबाबत एक चूक फार घरांत होते. विक्रेते उन्हाळ्यात पाहणीस येतात, तेव्हा सूर्य डोक्यावर असल्याने पाण्याच्या टाकीची सावली पायाशी असते. डिसेंबरात दुपारी तीनला तीच सावली टाकीच्या उंचीच्या सुमारे दीडपट लांब पडते. पॅनेल एकमेकांना माळेप्रमाणे जोडलेले असल्याने एकावर सावली आली तरी साऱ्या माळेचे उत्पादन खाली येऊ शकते. म्हणून टाकी, जिन्याची खोली, शेजारचा वाढलेला मजला यांची हिवाळ्यातील सावली विचारात घेऊनच जागा ठरवावी. तीन किलोवॅटला सुमारे ३०० चौरस फूट मोकळी जागा लागते. मातोश्रींची अट पापड वाळवण्याची जागा सोडण्याची होती, म्हणून चौकट सात फूट उंच केली. पण मग धुण्यासाठी शिडी आणि उभे राहण्यास पट्टी त्याच वेळी करून घेतली. उंच चौकटीला वाऱ्याचा जोर अधिक बसतो, म्हणून तिचे पाय नुसत्या फरशीवर न ठेवता काँक्रीटच्या ठोकळ्यांत घट्ट बसवावेत.

एक गोष्ट आधीच सर्वांना सांगून ठेवावी. बॅटरी नसलेली ही यंत्रणा, गावातील वीज गेली की भर उन्हातही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये यासाठी इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. वीज गेल्यावर दिवे हवे असतील तर घरचा जुना बॅटरीवरचा इन्व्हर्टर ठेवावाच लागतो.

आता वर्षभराची देखभाल. भुसार बाजारात धूळ फार. कोरड्या महिन्यांत पंधरा दिवसांनी, सकाळी लवकर पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने व मऊ फडक्याने धुवावे. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकल्यास तिला तडा जाण्याचा धोका असतो. बोअरचे क्षारयुक्त पाणी पांढरे डाग सोडते. ते डाग साठले की पुसून जात नाहीत, म्हणून नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. सहा पॅनेलना दोन बादल्या पाणी पुरते. पाइप लावून पाणी वाहू देण्याची गरज नसते. पावसाळ्यात धूळ पावसाने जाते, पण खालच्या कडेला मातीची ओल राहून शेवाळ धरते. ते धरण्यापूर्वीच कड कोरडी पुसावी, म्हणजे नंतर जीव खरडून काढण्याची वेळ येत नाही.

जैन घरांत कबुतरांचा प्रश्न निराळा असतो. गच्चीवर ज्वारी टाकण्याची रीत पिढ्यांची आहे आणि दाणा तेथे कबुतर येणारच. विष्ठेचा एक ठिपकाही घटाचा भाग झाकतो; तो भाग तापतो आणि कालांतराने काळा पडतो. पॅनेलखालची सावली घरट्याला आवडते. एकदा अंडी घातल्यावर घरटे हलवणे कोणाच्याही हातून होत नाही, होऊही नये. म्हणून जाळी पहिल्याच दिवशी, उभारणी चालू असतानाच चारी बाजूंनी लावावी, आणि दाणे टाकण्याची जागा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला किंवा अंगणात न्यावी. जीवदया आणि यंत्रणा दोन्ही यात सांभाळली जातात. मागाहून लावलेल्या जाळीत पिले अडकण्याचा धोका असतो.

योजनेत विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. त्यात धुणे नव्हे, तर जोडण्या घट्ट करणे, भूसंपर्क तपासणे, बिघाड दुरुस्त करणे येते. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, हे काम करून घ्यावे व केल्याची सही घ्यावी. बिघाड ओळखण्याची खूण एकच आहे. इन्व्हर्टरवर दिसणारे महिन्याचे उत्पादन वहीत लिहावे आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडावे. मेची तुलना ऑगस्टशी करून काही कळत नाही. मेची मेशी करावी. दोन वर्षांत दहाव्या हिश्श्याहून अधिक घट दिसली आणि काच स्वच्छ असेल, तर सावली, सैल जोडणी किंवा एखादे खराब पॅनेल शोधण्याची वेळ झाली असे समजावे. नुसत्या बिलावरून हे कळत नाही. बिलावर बाहेर गेलेली वीज दिसते, घरातच वापरली गेलेली दिसत नाही.

पॅनेल पंचवीस वर्षे चालतात, इन्व्हर्टर मात्र तेवढा टिकत नाही. त्याची हमी साधारण पाच ते दहा वर्षांची असते. म्हणून थोरल्यांनी वर्षाला ३,००० रुपये इन्व्हर्टरच्या बदलासाठी व २,००० धुण्या-दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे ठरवले. धूळ आणि वीज जाण्याचे तास धरून उत्पादन दहा टक्के कमी मानले, तरी वर्षाची बचत ४४,३०० च्या आसपास राहते. घट सोसावी लागते ती सर्वांत स्वस्त टप्प्यात, म्हणून ती जाणवत नाही. त्यातून हे ५,००० वजा केल्यास सुमारे ३९,३०० उरतात. १,१७,००० रुपयांचे भांडवल तीन वर्षांत परत येते. मातोश्रींनी ते ३,००० रुपये दर वर्षी एप्रिलमध्ये आपल्या नावाच्या त्याच खात्यात ठेव म्हणून टाकण्यास सांगितले आहे. यंत्रणेच्या वहीच्या पहिल्या पानावर तिन्ही भावांच्या सह्यांच्या कागदाची प्रत चिकटवली आहे, दुसऱ्या पानापासून महिन्यांचे आकडे आहेत.